लांडगा की चेरीचं झाड?

नागपूर जिल्ह्यातल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांनो, ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्ही वर्गात सांगतच असाल. पण तिने मुलं खरं बोलू लागतात का?

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना पाठीमागचं खेळणं चोरून पाहू नका, असं सांगितलं. मग गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, “पाहिलंस का?” लांडग्याच्या गोष्टीने कबुली वाढली नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने मात्र वाढली. तिचा शेवट शिक्षेचा केला, तेव्हा तो परिणाम राहिला नाही.

म्हणून आपली लाकूडतोड्याची गोष्ट घ्या. खऱ्याला बक्षीस तिथे आहेच. मग नाट्यछटा करून घ्या: फुटलेली कुंडी, एक विद्यार्थी, एक बाई. बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, “खरं सांगितलंस, बरं वाटलं.” त्यानंतर दोघांनी मिळून माती भरायची. वर्गात खरोखर काही फुटलं की हेच वाक्य तुमच्या तोंडून यायला हवं. त्या वेळी छडी दिसली, तर मुलं पुन्हा लपवू लागतील.