एकाच दिवशी दोन उपास

शिक्षकहो, उपासावरचा वर्गसंवाद लिहिताना खराखुरा दिवस निवडा. रविवार, ६ जुलै २०२५ रोजी आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख, म्हणजे आशुरा, एकत्र आली होती. प्रसंग सोमवारच्या मधल्या सुट्टीतला.

सायली : काल आमच्या घरी वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी. आज द्वादशीला वरणभातानं उपास सोडला.

रेहान : अम्मीचा काल आशुराचा रोजा होता. पहाटे सहरी, मग सूर्य मावळेपर्यंत काही नाही.

सायली : पाणीसुद्धा नाही?

रेहान : थेंबही नाही. रमजानचे रोजे फर्ज, हा ऐच्छिक. आजारी माणसाला सवलत असते.

सायली : आजीला मधुमेह आहे, म्हणून तीही जेवते.

पाण्याच्या प्रश्नावर क्षणभर थांबा. खरं कुतूहल तिथंच जागं होतं.

संवाद बिघडतो तो ‘तुमच्यात’ या शब्दानं. मग एका मुलाला साऱ्या समाजाच्या वतीनं उत्तर द्यावं लागतं. एकादशी कुणी निर्जळी करतं, तर शिया घरांत आशुरा हा शोकाचा दिवस असतो. म्हणून ‘आमच्या घरी’ असंच लिहा. आणि रेहानची भूमिका वर्गातल्या एकमेव मुस्लिम मुलावर सोपवू नका.