नोट्समधून प्रश्नपेढी: एका विद्यार्थिनीचा ईमेल

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात रसायनशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या अभ्यासक्रम समन्वयक मॅडमना ईमेल लिहिला. तिच्या परवानगीने त्यातला मुख्य भाग वाचतो.

‘आदरणीय मॅडम, विभागाच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानातून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्यापर्यंत येतात. आम्ही त्या वाचतो, पण किती समजलं ते पेपर हातात पडल्यावरच कळतं. “आम्ल, आम्लारी आणि बफर” या एकाच घटकाच्या नोट्सवरून महाविद्यालयाच्या मूडलवर ३० प्रश्नांची सामायिक प्रश्नपेढी करावी, असं सुचवते. मसुदे आम्ही सहा जण लिहू. हा घटक शिकवणाऱ्या सरांनी तपासल्याशिवाय एकही प्रश्न वर्गाला दिसणार नाही. नोट्स सरांच्या आहेत, म्हणून आधी त्यांची संमती घ्यावी, ही विनंती.’

वाचून समजल्यासारखं वाटतं, ही तिची तक्रार खरी आहे. रोडिगर आणि कारपिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले.

पण नोट्स स्कॅन करून वर चढवल्या की प्रश्नपेढी झाली, असं होत नाही. खरी मेहनत चुकीच्या पर्यायांमध्ये असते. नोट्समध्ये एक ओळ आहे: अतिविरल द्रावणात पाण्याचं स्वतःचं आयनीभवन धरावं लागतं. यावरचा प्रश्न मूडलला कळणाऱ्या ‘गिफ्ट’ या साध्या लेखनपद्धतीत असा दिसतो:

```
::आम्ल-07:: 25 °C ला 10^-8 M HCl चा pH किती?
{
=6.98
~8.00#पाण्यातले H+ धरले नाहीत.
~7.00#आम्लाचा वाटा सोडून दिला.
~6.00#घातांक पुन्हा तपासा.
}
```

बरोबर उत्तरापुढे बरोबरीचं चिन्ह, चुकीच्या पर्यायापुढे नागमोडी रेघ आणि # नंतर विद्यार्थ्याला दिसणारा शेरा. यातला ८ कुठून आला? सूत्रात आकडा घातला की ८ येतो आणि वर्गातली बरीच मुलं तिथेच थांबतात. आम्ल कितीही विरल केलं तरी आम्लारी होत नाही, हे त्या क्षणी कुणाच्या मनात येत नाही. असा पर्याय नोट्समध्ये सापडत नाही. तो तपासलेल्या उत्तरपत्रिकांमध्ये सापडतो. म्हणूनच मसुदे विद्यार्थ्यांनी लिहावेत, ही तिची सूचना मला मोलाची वाटते. ती चूक त्यांनी नुकतीच केलेली असते.

आता प्रश्न चांगला की वाईट, हे कसं ओळखायचं? समजा, ६० जणांनी चाचणी दिली. एकूण गुणांनुसार वरचे १६ आणि खालचे १६ वेगळे काढायचे, म्हणजे साधारण २७ टक्के. वरच्यांपैकी १३ जणांचं उत्तर बरोबर आलं, खालच्यांपैकी ५ जणांचं. फरक ८, त्याला १६ ने भागलं की ०.५. हे भेदनमूल्य. विषय समजलेला आणि न समजलेला विद्यार्थी या प्रश्नाने नीट वेगळा केला, एवढाच त्याचा अर्थ. ते शून्याच्या आसपास आलं, तर प्रश्न सगळ्यांना सोपा आहे, सगळ्यांना अवघड आहे किंवा भाषा संदिग्ध आहे. ते ऋण आलं, म्हणजे हुशार मुलंच चुकली, तर आधी उत्तरसूची बघावी. पुष्कळदा चुकीचा पर्याय ‘बरोबर’ म्हणून नोंदलेला असतो. वर्ग २० जणांचा असेल तर मात्र या आकड्यावर विसंबू नये. एका मुलाच्या उत्तरानेही तो बराच हलतो.

ईमेलमध्ये एक गोष्ट राहिली आहे आणि ती मॅडमनी उत्तरात लिहावी: सरावाची पेढी आणि अंतर्गत परीक्षेची पेढी या दोन वेगळ्या ठेवायच्या. सरावाचेच प्रश्न परीक्षेत आले, तर मुलं पर्याय पाठ करतील आणि वर सांगितलेले आकडे निरर्थक होतील. शिवाय ब्युरेटचं वाचन घेणं किंवा बफरचं समीकरण पायरीपायरीने मांडणं हे चार पर्यायांत तपासता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा आणि वही लागतेच.

प्रस्ताव मान्य करण्यासारखा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात घटक एकच आहे, तपासणारा ठरलेला आहे आणि नोट्स ज्यांच्या आहेत त्यांची संमती आधी घ्यायची आहे. सगळ्या विभागाच्या सगळ्या नोट्स एकदम मागितल्या असत्या, तर मी नको म्हटलं असतं. कारण तपासणारे सर सत्राच्या मध्यात शेकडो मसुदे वाचू शकत नाहीत आणि न तपासलेला प्रश्न चूकच पक्की करतो.

सभागृहात बसलेल्या प्राध्यापकांना एक विनंती. पेपर तपासताना शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि वारंवार येणारी चुकीची उत्तरं त्यावर उतरवून घ्या. जूनमध्ये असा एखादा ईमेल आला, तर तो कागद त्या विद्यार्थ्याच्या हाती द्या.