विम्याचा दावा : तीन तारखा व एक निर्णयपत्रक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यविम्याच्या कागदपत्रांबाबत सभासदांस साहाय्य करण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले, त्यास आता काही वर्षे झाली. रविवारी सकाळी आम्ही तिघे मंडळाच्या कचेरीत बसतो आणि सभासद आपापल्या पॉलिसी, हॉस्पिटलची बिले व कंपनीची पत्रे घेऊन येतात. आज त्यांपैकी एकच प्रकरण आपणांपुढे मांडावयाचे योजिले आहे. त्यात कंपनीची चूक झाली, तशी आमचीही झाली. आणि दोन्ही चुका तारखांच्याच होत्या.

आपल्या एका 62 वर्षांच्या भगिनीच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. 3 जून 2025 रोजी त्या हॉस्पिटलात दाखल झाल्या. बिल 3,48,000 रुपयांचे झाले. बाईंच्या यजमानांनी मुदत ठेव मोडून ते भागविले आणि नंतर कंपनीकडे दावा पाठविला. उत्तर आले ते असे की, प्रतीक्षाकाल पूर्ण झालेला नाही, शिवाय व्याधी पूर्वीपासूनची आहे, सबब दावा देय नाही. पत्रात कलमाचा क्रमांक नव्हता आणि एकही तारीख नव्हती. मोडलेली ठेव नातीच्या शिक्षणासाठी राखलेली होती, हे सांगताना त्या गृहस्थांचा कंठ दाटून आला.

प्रतीक्षाकाल, ज्यास आपण बोलण्यात वेटिंग पीरियड म्हणतो, तो एक नसून तीन प्रकारचा असतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पहिला, पॉलिसी नवी घेतल्यावरचे सुरुवातीचे 30 दिवस; अपघातास मात्र हे बंधन नाही. दुसरा, मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा पॉलिसीत नावानिशी दिलेल्या उपचारांचा; तो पुष्कळ पॉलिसींत 24 महिन्यांचा असतो. तिसरा, पॉलिसी घेण्यापूर्वीच जडलेल्या व्याधीचा. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार हा तिसरा काळ 36 महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. एखाद्या उपचारास दुसरा व तिसरा असे दोन्ही काळ लागू पडत असतील, तर त्यांतील मोठा धरावयाचा असतो.

आता काळ मोजावयाचा तर आरंभ कोणता आणि शेवट कोणता? सर्व घोटाळा येथेच होतो. आरंभ म्हणजे हाती असलेल्या चालू पॉलिसीची तारीख नव्हे. खंड न पडता चालत आलेल्या विम्यातील पहिल्या पॉलिसीची तारीख होय. शेवट म्हणजे दावा पाठविल्याचा दिवस नव्हे. रुग्ण हॉस्पिटलात दाखल झाला तो दिवस होय. दावा पाठविण्यास उशीर झाला की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असे नियामकांनी 2011 मध्येच कंपन्यांस बजावले आहे. तेव्हा दावा पाठविल्याची तारीख वेगळ्या रकान्यात लिहावी आणि प्रतीक्षाकालाच्या हिशेबात ती मुळीच मिसळू नये.

या बाईंची पहिली पॉलिसी 10 मे 2023 रोजी सुरू झाली. विमा रक्कम 3 लाख रुपये. 9 मे 2024 रोजी मुदत संपली, परंतु चिरंजीवांच्या बदलीच्या गडबडीत हप्ता राहिला आणि तो 28 मे रोजी भरला गेला. त्याच वेळी विमा रक्कम वाढवून 5 लाख केली. 2025 साली नूतनीकरण वेळेवर झाले. कंपनीच्या कारकुनाने 28 मे 2024 हा नवा आरंभ धरला. तसे धरले तर 24 महिने 27 मे 2026 रोजी पुरे होतात आणि शस्त्रक्रिया मुदतीआधीची ठरते.

परंतु वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीस नूतनीकरणासाठी 30 दिवसांची सवलतीची मुदत असते. तीत हप्ता भरल्यास मधल्या दिवसांत विम्याचे संरक्षण नसते हे खरे. त्या काळात हॉस्पिटलात जावे लागले असते, तर पैसे मिळाले नसते. तथापि आधी पुरा केलेला प्रतीक्षाकाल त्यामुळे बुडत नाही. येथे पहिल्या पॉलिसीची मुदत संपल्यापासून एकोणिसाव्या दिवशी हप्ता भरला गेला. म्हणजे सातत्य कायम राहिले. 10 मे 2023 पासून 24 महिने 9 मे 2025 रोजी पूर्ण झाले आणि बाई त्यानंतर 25 दिवसांनी दाखल झाल्या. कंपनीचे पहिले कारण येथेच गळून पडले.

दुसरे कारण अधिक कठीण होते. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लिहिले होते, ‘गुडघेदुखी चार वर्षांपासून.’ चार वर्षे मागे गेले म्हणजे 2021 साल येते, आणि ते तर पॉलिसीपूर्वीचे. व्याधी पूर्वीची ठरली असती, तर 36 महिने 9 मे 2026 पर्यंत चालले असते आणि दावा न्यायानेच बुडाला असता. परंतु पूर्वव्याधीची व्याख्या नुसत्या दुखण्यावर उभी नाही. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी त्या रोगाचे निदान केलेले असावे, अथवा त्यासाठी सल्ला वा उपचार दिलेला असावा, अशी ती आहे. जिना चढताना गुडघा दुखतो, हे घरात बोलणे म्हणजे निदान नव्हे. शिवाय अपवादाच्या कलमावर बोट ठेवून दावा नाकारावयाचा, तर तो अपवाद सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो.

तरीही त्या रविवारी आम्ही या मुद्द्यावर होय किंवा नाही, असे काहीच लिहिले नाही. ‘अनिर्णीत, कागद पाहिजेत’ एवढेच लिहिले. या तिसऱ्या उत्तराचे मोल मोठे आहे. कागद हाती नसता मंजूर म्हणणे हा भाबडेपणा, आणि नामंजूर म्हणणे हा अन्याय. नेहमीच्या डॉक्टरांकडील जुनी नोंद मागविली. तिच्यावरून दिसले की, गुडघ्यांचा पहिला एक्स-रे जानेवारी 2024 मध्ये काढला गेला आणि सांध्यांची झीज प्रथम तेव्हाच लिहिली गेली. त्यापूर्वीच्या नोंदी सर्दीतापाच्या होत्या. 2022 सालची गुडघ्याची एखादी चिठ्ठी सापडली असती, तर ती दडवून ठेवा असे आम्ही त्या कुटुंबास सांगितले नसते. दावा बसत नाही, हेच सांगावे लागले असते.

आता आमच्या चुकीकडे येतो. दोन्ही कारणे खोडली गेल्याच्या आनंदात आम्ही त्या गृहस्थांस सांगून टाकले की, विमा रक्कम 5 लाखांची आहे, सारे बिल मिळेल. ते घरी गेल्यावर आमच्यातील एका सहकाऱ्याने पॉलिसी पुन्हा वाचली आणि वाढीव रकमेचे कलम दाखविले. विमा रक्कम वाढविली, तर वाढीव भागापुरता प्रतीक्षाकाल वाढविल्या दिवसापासून नव्याने मोजावयाचा असतो. म्हणजे जुन्या 3 लाखांचा काळ पुरा झाला होता. नव्या 2 लाखांचा 27 मे 2026 पर्यंत चालू होता. कारकुनाने धरलेली तारीख खोटी नव्हती. ती 2 लाखांपुरती खरी होती आणि त्याने ती 5 लाखांस लावली. आम्ही नेमके उलटे केले. पुढल्या रविवारी त्या गृहस्थांची क्षमा मागून ही गोष्ट त्यांस समजावून सांगावी लागली.

त्यानंतर आम्ही कंपनीस जे निर्णयपत्रक पाठविले, ते आपणांस वाचून दाखवितो. प्रत्येक ओळीत प्रश्न, उत्तर आणि आधार अशा तीन गोष्टी आहेत.

1. दाखल झाल्याच्या दिवशी पॉलिसी चालू होती काय? होय. दाखल 3 जून 2025. पॉलिसीची मुदत 28 मे 2025 ते 27 मे 2026.

2. उपचार संरक्षणात बसतो काय? होय. सांधेबदल वगळलेला नाही. 24 महिन्यांच्या यादीत आहे.

3. 24 महिने पूर्ण झाले काय? 3 लाखांपुरते होय, 9 मे 2025 रोजी; सवलतीच्या मुदतीत हप्ता भरल्याने सातत्य कायम. वाढीव 2 लाखांपुरते नाही. ते 27 मे 2026 रोजी पूर्ण होतील.

4. व्याधी पूर्वीची आहे काय? सिद्ध होत नाही. पहिले निदान जानेवारी 2024. डॉक्टरांची नोंद सोबत.

5. देय रक्कम किती? बिल 3,48,000; त्यातून हातमोजे, नोंदणी इत्यादी न मिळणारे 8,000 वजा; उरले 3,40,000. मर्यादा 3,00,000.

निर्णय : दावा अंशतः मंजूर व्हावा. 3,00,000 रुपये देय. 40,000 रुपये नामंजूर, कारण मुद्दा 3.

या पाच प्रश्नांचा क्रम आम्ही बदलत नाही. पॉलिसीच चालू नसेल, तर पुढचे विचारण्यात अर्थ नाही. आणि रकमेचा हिशेब अगोदर केला, तर मन त्या रकमेकडे झुकते आणि तारखा तिच्या सोयीने वाचल्या जातात. आम्हांस तोच अनुभव आला. नामंजुरीचा भाग आम्ही आपल्या हाताने लिहिला, याचे काही सभासदांस नवल वाटले. परंतु जे देय नाही ते आपणच मान्य केले म्हणजे जे देय आहे त्याविषयी वाद घालण्यास जागा उरत नाही. कंपनीने फेरविचार करून 3 लाख रुपये दिले. ठेव सर्वच भरून निघाली नाही. पण पुष्कळशी निघाली.

आपणांपैकी कोणास नकाराचे पत्र आले, तर त्यात प्रथम दोन गोष्टी शोधाव्या : कोणते कलम, आणि कोणत्या तारखेपासून मोजले. 2024 च्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा निर्देश करून कारण कळविणे कंपनीस बंधनकारक आहे, आणि कंपनीच्या दावा-पुनर्विलोकन समितीच्या संमतीवाचून नकार देता येत नाही. या दोन गोष्टी पत्रात नसतील, तर त्या लेखी मागाव्या. कंपनीकडे तक्रार करूनही महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईस व पुण्यासही आहेत, तक्रारीस शुल्क पडत नाही. मात्र नकारानंतर एक वर्षाच्या आत गेले पाहिजे.

आणि एक विनंती. नवी पॉलिसी आली की जुनी रद्दीत टाकण्याची आपल्या घरांत चाल आहे. या प्रकरणात 10 मे 2023 ची ती पहिली पॉलिसी बाईंनी देवघराच्या खणात जपून ठेवली होती, म्हणूनच आरंभाची तारीख आम्हांस दाखविता आली. पहिली पॉलिसी, प्रत्येक हप्त्याची पावती आणि रक्कम वाढविल्याचा कागद, एवढे एका पाकिटात ठेवावे व ते कोठे आहे हे घरातील दुसऱ्या एका माणसास सांगून ठेवावे.