पाहिलेलें आणि ऐकलेलें



गेल्या महिन्यांत एका निबंधस्पर्धेचा परीक्षक म्हणून मजकडे एक निबंध आला. विषय होता १८५८ सालची झांशी. लेखक तरुण, भाषा प्रौढ, आणि प्रत्येक विधानास आधार दिलेला. परंतु आधार बहुतेक एकाच ग्रंथाचा, विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचा. आरंभींच त्यानें लिहिलें होतें कीं, गोडसे भटजी प्रत्यक्षदर्शी होते, तेव्हां त्यांचें म्हणणें प्रमाण मानण्यास हरकत नाहीं. मला हरकत होती. आणि निबंधास पहिलें बक्षीस द्यावें कीं नाहीं, हें त्या हरकतीवरच अवलंबून होतें.

प्रथम ग्रंथाची जन्मकथा पाहूं. भटजी वरसईचे भिक्षुक. १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें ते उत्तरेकडे निघाले, आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्यें ह्यू रोज यानें झांशीस वेढा घातला तेव्हां ते शहरांतच होते. परंतु ही हकीकत त्यांनीं लिहिली ती सुमारें पंचवीस वर्षांनीं, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनीं ती १९०७ सालीं छापली. छापतांना भाषा सुधारली, कांहीं मजकूर गाळला. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. आमच्या निबंधकारानें १९०७ चीच प्रत वापरली होती. ज्या शब्दांच्या सौष्ठवावरून त्यानें भटजींचा स्वभाव ठरविला, ते शब्द भटजींचे कीं वैद्यांच्या लेखणीचे, हें त्यानें पाहिलेंच नव्हतें.

आतां दुसरी गोष्ट. निबंधांत असें विधान होतें कीं, इंग्रजांनीं कलकत्त्यास राजेरजवाडे जमवून धर्माविरुद्ध चौऱ्यांशी कलमें त्यांजपुढें मांडलीं, आणि त्यांतून बंड उद्भवलें. आधार भटजींचा. पण भटजी कलकत्त्यास नव्हते. ही कथा त्यांनीं महूच्या बाजूस शिपायांच्या तोंडून ऐकली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला, हें खरें. चौऱ्यांशी कलमें मात्र सरकारी दप्तराच्या आधारानें सिद्ध करावयास हवींत. मग हा उतारा निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. सरकारनें काय केलें याचा तो पुरावा नव्हे. सरकारविषयीं लोक काय बोलत होते याचा तो उत्तम पुरावा आहे. निबंधकारानें साक्षीदार बरोबर निवडला, पण त्यास प्रश्न भलताच विचारला.

तिसरी गोष्ट विहिरीवरील भेटीची. झांशी सोडल्यानंतर काल्पीच्या बाजूस भटजींची राणीसाहेबांशीं गांठ पडली, आणि त्यांनीं पाणी मागितलें, हा प्रसंग आपणांस ठाऊक असेल. येथें भटजी स्वतः हजर होते. म्हणून भेट झाली, राणी थकलेली व तहानलेली होती, इतकें मानण्यास अडचण नाहीं. परंतु निबंधकारानें राणीच्या तोंडचीं वाक्यें अवतरणचिन्हांत घालून त्यांतील एकेका शब्दावर तिच्या मनोवृत्तीचा इमला उभारला होता. पंचवीस वर्षांपूर्वीं ऐकलेलें वाक्य कोणास शब्दशः आठवतें? भाव राहतो, शब्द बदलतात. त्या विटांवर एवढा भार घालूं नये.

राहिला पक्षपाताचा प्रश्न. भटजी राणीच्या आश्रयास होते; तिच्या दानधर्माविषयीं ते लिहितात तेव्हां घेणाऱ्याचा हात लिहीत असतो, हें विसरतां येत नाहीं. तथापि शहर पडल्यावर झालेल्या कत्तलीचें व लुटीचें वर्णन केवळ आश्रिताचा आक्रोश म्हणून टाकून देतां येईल काय? रोजच्या सैन्यासमवेत असलेला डॉक्टर थॉमस लो यानें १८६० सालीं आपलें पुस्तक छापलें. तो विरुद्ध पक्षाचा. तरी शहरांत मोठा संहार झाला हें तोहि नाकारीत नाहीं. दोन पक्षांचे दोन साक्षीदार, एकमेकांचें न वाचतां, जेथें मिळतात तेथें पाय रोवून उभें राहावें. हा ताळा निबंधांत कोठेंच नव्हता.

मीं निबंधास दुसरें बक्षीस दिलें. मुलगा रागावून घरीं आला. मीं त्याच्या हातीं तांबडी व निळी पेन्सिल दिली आणि म्हटलें, "भटजींनीं स्वतः पाहिलें त्याखालीं तांबडी रेघ ओढ, ऐकलें त्याखालीं निळी, आणि जें तुझें तूंच ताडलेंस तें कोरें ठेव."

चार दिवसांनीं तो परत आला. वेढा, तहान, लूट यांचीं पानें तांबडीं होतीं. बंडाच्या कारणांचीं जवळजवळ सर्व निळीं. "आणि गुरुजी," तो हळूच म्हणाला, "माझा समारोप सगळा कोराच राहिला."

त्यास मीं सांगितलें कीं, तोच पुन्हा लिही.