सरासरी म्हणजे सारखा वाटा

गटाच्या बैठकीत, ग्रामसभेत, बँकेच्या कागदावर एक शब्द सारखा येतो, सरासरी. सरासरी बचत, सरासरी उत्पन्न, सरासरी पाऊस. शब्द ऐकून आपण मान डोलावतो, पण तो आकडा निघतो कसा ते कुणी दाखवत नाही. आज आपण तेच बघू, तेही पाटी-पेन्सिल न घेता. मुलांच्या हातातल्या गोळ्या पुरेत.

बोरन्हाण तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. लहानग्याला पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओततात आणि बाकीची पोरं खाली पडलेलं वेचायला झेपावतात. जी चपळ तिची ओंजळ भरते, जी बुजरी ती कोपऱ्यात उभी राहते. मग रडारड सुरू होते आणि आजी म्हणते, “सगळं सारखं करा बघू!” आजीनं आत्ता सरासरीच काढायला सांगितली.

बोरं, चुरमुरे सध्या बाजूला ठेवू. फक्त गोळ्या घेऊ, आणि त्याही सगळ्या एकसारख्या. एका पोरानं मोठं चॉकलेट धरलं आणि दुसऱ्यानं लिमलेटची गोळी, तर एकाला एक धरून मोजता येत नाही. पाच मुलं आहेत. चिंगीजवळ ७ गोळ्या, बाळूजवळ २, सोनीजवळ ४, पिंट्याजवळ १ आणि राजूजवळ ६. प्रत्येकाचा ढीग त्याच्या पुढ्यात ठेवा. घरी करून बघायचं असेल तर चिंचोके घ्या.

आता ज्याचा ढीग सगळ्यात मोठा त्यातली एक गोळी उचला आणि सगळ्यात लहान ढिगावर ठेवा. चिंगीची एक गोळी पिंट्याकडे गेली. चिंगीकडे ६ उरल्या, पिंट्याकडे २ झाल्या. आता चिंगी आणि राजू दोघांकडे सहा-सहा, बाळू आणि पिंट्याकडे दोन-दोन. चिंगी एक बाळूला देईल, राजू एक पिंट्याला देईल. झाले पाच, तीन, चार, तीन, पाच. पुन्हा एकदा तसंच करा. चिंगी बाळूला एक, राजू पिंट्याला एक. आता बघा, पाचही जणांपुढे ४ गोळ्या. ढीग सपाट झाले. हा ४ म्हणजेच सरासरी.

यात दोन गोष्टी नीट बघा. पहिली, एकही गोळी बाहेरून आली नाही आणि एकही कुणी खाल्ली नाही. सुरुवातीला सगळ्या मिळून २० होत्या, शेवटीही २०च आहेत. म्हणून एकेक गोळी हलवत बसायची गरजच नव्हती. सगळ्या गोळ्या एका परातीत ओता, मोजा आणि पाच जणांत वाटा. २० भागिले ५, उत्तर ४. शाळेत “बेरीज करा आणि संख्येनं भागा” असं पाठ करून घेतात, ती ही परातच आहे. बेरीज म्हणजे परातीत ओतणं आणि भागाकार म्हणजे वाटणं.

दुसरी गोष्ट पडताळा घ्यायला उपयोगी आहे. चिंगीजवळ चारपेक्षा ३ जास्त होत्या, राजूजवळ २ जास्त. मिळून ५. बाळूला चारपर्यंत यायला २ कमी होत्या, पिंट्याला ३ कमी. त्याही मिळून ५. उंचवटा जेवढा, खड्डा तेवढाच, शेतात सपाटीकरण करताना असतो तसा. आपण हलवल्याही पाचच गोळ्या. सरासरी काढल्यावर वरचं आणि खालचं असं जुळलं नाही, तर बेरीज किंवा भागाकार कुठंतरी चुकला असं समजा.

आता गंमत बघा. ज्याचं बोरन्हाण तो पाटावर बसून राहिला, त्याच्या हातात एकही गोळी नाही. त्याला मोजायचं की नाही? पुष्कळ जणी म्हणतील, त्याच्याकडे काहीच नाही तर कशाला मोजायचं. पण वाटणी सहा जणांत करायची असेल तर त्याचा रिकामा हातही एक ढीगच आहे, शून्याचा ढीग. शून्यानं बेरीज वाढत नाही, २०च राहते, पण वाटेकरी मात्र सहा होतात. प्रत्येकाला ३ दिल्या की १८ गेल्या आणि २ उरल्या. गोळीच्या जागी गुळाची वडी असती तर त्या दोन वड्यांचे प्रत्येकी तीन तुकडे केले असते, सहा तुकडे, सहा मुलं. म्हणजे वाटा आला तीन वड्या आणि वर एक तुकडा, वडीचा तिसरा हिस्सा. गोळी फोडता येत नाही, पण कागदावर हिशेब तसाच लिहितात. म्हणूनच “कुटुंबात सरासरी साडेचार माणसं” असं ऐकलं तर हसू नका. अर्धं माणूस कुठं नसतं, तो फक्त सारख्या वाट्याचा आकडा आहे.

आणि हा वाटा खरोखर वाटला गेलाय असं मात्र मुळीच समजू नका. समजा, चिंगीनं एकटीनंच १६ गोळ्या पटकावल्या आणि बाकी चौघांच्या हाती एकेकच लागली. सगळ्या मिळून २०, सरासरी पुन्हा ४. पण ४ गोळ्या एकाही पोराकडे नाहीत! दोन्ही वेळा आकडा एकच, आणि अंगणातलं चित्र किती वेगळं.

आपल्याला खरं अडतं ते इथं. समजा, पापड करणारा दहा जणींचा गट आहे आणि हंगामात ३०,००० रुपये मिळाले. फॉर्मवर लिहिलं, प्रत्येक सदस्याचं सरासरी उत्पन्न ३,००० रुपये. भागाकार बरोबर आहे. पण वही उघडली तर दोघींना दहा-दहा हजार, चौघींना अडीच-अडीच हजार आणि उरलेल्या चौघींना, ज्यांना कामच मिळालं नाही, त्यांना शून्य. तीन हजार कुणालाच मिळाले नाहीत. कधी कधी तर या शून्यवाल्या चौघींना गाळून सहा जणींनीच भागतात आणि सरासरी ५,००० दाखवतात. पैसे तेच, गट मात्र जास्त कमावता दिसतो. माझ्या मते वहीत सरासरीच्या शेजारी तीन गोष्टी लिहायलाच हव्यात: किती जणींनी भागलं, सगळ्यात कमी किती मिळाले आणि सगळ्यात जास्त किती. मीटिंगला कुणी सरासरी सांगितली की आधी विचारा, “ताई, शून्यवाल्या धरल्यात का?”

मग तशी सरासरी फुकटच का? नाही. मागच्या हंगामात दहा जणी होत्या आणि या हंगामात बारा झाल्या, तर नुसत्या एकूण रकमेवरून काम वाढलं की बायका वाढल्या ते कळत नाही. एकीचा सारखा वाटा काढला की दोन हंगाम शेजारी ठेवून बघता येतात.

जाता जाता एक कोडं देते. चार मुलं आहेत, त्यांची सरासरी ५ गोळ्या. तिघांनी मुठी उघडल्या, त्यात निघाल्या ६, ३ आणि ७. चौथीनं मूठ मिटून ठेवलीय. तिच्या मुठीत किती? चिंचोके मांडा, आधी परातीत सगळे मिळून किती असायला हवेत ते काढा. उत्तर पुढच्या वेळी सांगते.