स्वतंत्र गाडी की एसटी? महाड-पोलादपूर पाहणाऱ्यांसाठी



महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते एका ओळीत नाही. रायगड एका खोऱ्यात, शिवथरघळ दुसऱ्या खोऱ्यात, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ तिसरीकडे. मध्ये सह्याद्रीच्या सोंडा उतरलेल्या असल्यामुळे एका ठिकाणाहून दुसरीकडे सरळ जाता येत नाही. बहुधा पुन्हा महाडला किंवा पोलादपूरला यावे लागते. बैलगाडीच्या चाकाला जशा आऱ्या, तसे हे रस्ते. आणि महाडचे एसटी स्थानक म्हणजे चाकाचा तुंबा. म्हणून येथे येणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की स्वतंत्र मोटार ठरवावी, की एसटीने हिंडावे?

पुष्कळ लोक या प्रश्नाचे उत्तर सबंध सहलीसाठी एकदाच देऊन टाकतात. माझ्या मते ते प्रत्येक ठिकाणासाठी निराळे द्यावे. त्यासाठी स्वतःला एकच गोष्ट विचारायची: त्या जागी आपण किती वेळ थांबणार, आणि तेवढ्या वेळाने परतीची गाडी आहे का?

प्रथम रायगड घ्या. महाडहून गड सुमारे २५ किलोमीटर. पाचाडला जिजाऊंची समाधी पाहायची, मग चौदाशेच्या वर पायऱ्या चढायच्या. त्याला दीड-दोन तास सहज लागतात. गड नीट पाहायचा तर वर तीन-चार तास हवेत, आणि मग उतरण. म्हणजे दिवस तिथेच गेला. आपण मोटार ठरविली असेल तर ती सात-आठ तास पायथ्याशी नुसती उभी राहणार आणि तिचे भाडे मात्र आपण देणार! रज्जुमार्गाने गेलात तर चढण्याचे श्रम वाचतात, पण गर्दीच्या दिवशी रांगेत वेळ जातो, तेव्हा हिशेब फारसा बदलत नाही. म्हणून रायगडाला सकाळच्या एसटीने जावे आणि दुपारनंतरच्या गाडीने परतावे. राज्याभिषेकाच्या सोहळ्याला तर अलीकडे खाजगी वाहने अलीकडेच थांबवून पुढे एसटीनेच नेतात. त्या दिवशी मोटारीचा उपयोग आणखी कमी.

दुसरा प्रकार हमरस्त्यावरच्या जागांचा. चवदार तळे महाड गावातच आहे. स्थानकावरून चालत जाता येते. १९२७ साली २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी जिथे पाणी प्राशन केले ते हे स्थळ. गांधारपाल्याची बौद्ध लेणी गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला आहेत. तिथवर रिक्षा पुरे. महाड ते पोलादपूर याच महामार्गावर असल्यामुळे गाड्यांची ये-जा चालू असते. एक चुकली तर दुसरी मिळते. इथे मोटारीची गरज नाही.

तिसरा प्रकार मात्र कठीण. शिवथरघळ महाडपासून सुमारे ३० किलोमीटर आत आहे. उमरठ पोलादपूरच्या आतल्या भागात. अशा ठिकाणी जाणारी एसटी प्रवाशासाठी नव्हे, गावकऱ्यांसाठी असते, आणि ते योग्यच आहे. गावकरी सकाळी बाजाराला, कचेरीला, शाळेला बाहेर येतो आणि संध्याकाळी घरी परततो. म्हणून मुक्कामी गाडी रात्री गावात जाते आणि पहाटे बाहेर पडते. आपल्याला हवे ते नेमके उलट: सकाळी आत जायचे, दुपारी बाहेर यायचे. जाणारी गाडी मिळाली म्हणून खूष होऊन बसलेला माणूस दुपारी फाट्यावर अडकतो तो यामुळे. तेव्हा महाडच्या चौकशी खिडकीवर "शिवथरघळीची गाडी किती वाजता?" एवढेच विचारू नका. "तीच गाडी तिथून किती वाजता निघते, आणि तिच्यानंतर आणखी आहे का?" असे विचारा. आत पोचल्यावर तोच प्रश्न वाहकाला पुन्हा करा, कारण सुट्टीच्या दिवशी शाळेच्या वेळेची फेरी कधीकधी नसते. परतीची गाडी शेवटचीच असेल तर तिच्यावर विसंबू नये. तेवढ्या एका फेरीसाठी महाडहून वाहन ठरवावे.

आता खर्चाचा विचार करू. मोटारीचे भाडे केवळ धावलेल्या अंतराचे नसते. मोटार मालकाच्या दारातून निघून दारात परत येईपर्यंतचे अंतर धरतात. त्याशिवाय मुक्कामाच्या सहलीत दर दिवसाचे किमान अंतर ठरलेले असते. पुष्कळ ठिकाणी ते ३०० किलोमीटर असते. वर चालकाचा भत्ता. समजा, चौघांचे कुटुंब मुंबईहून दोन दिवसांसाठी मोटार घेऊन आले. जाऊन-येऊन सुमारे ३४० किलोमीटर, रायगड ५०, शिवथरघळ ६०, गावातले १०. एकूण ४६०. पण पैसे पडणार ६०० किलोमीटरांचे! तेच कुटुंब एसटीने महाडला आले, रायगडही एसटीनेच पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फक्त शिवथरघळीसाठी महाडची गाडी ठरविली, तर भाडे ६० किलोमीटरांचे आणि तासा-दोन तासांच्या थांबण्याचे.

एसटीचे तिकीट माणशी असते हे खरे. पण २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पासष्टीपुढच्यांना अर्धे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. घरात आई, आजी, लेकी असल्या की पारडे बरेच एसटीकडे झुकते. उलट, सहा-सात जण असतील, त्यांत तान्हे मूल किंवा गुडघ्यांनी अधू माणूस असेल, तर मोटारीचे भाडे वाटून घेतल्यावर जड जात नाही. तिथे मोटारच घ्यावी. बसस्थानकावर तासभर ताटकळणे त्यांना झेपत नाही.

मोटार ठरविताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या: किमान अंतर किती, थांबण्याचे पैसे कसे, आणि रात्र झाल्यास काय. पाटी पिवळी असल्याशिवाय बसू नये. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालविणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळताना अडचण येते.

शिक्षकबंधूंनो, तुमचा हिशेब निराळा. चाळीस मुलांसाठी एसटीची अख्खी गाडी "प्रासंगिक करारा"वर मिळते आणि शालेय सहलींना भाड्यात सवलत असते. मुख्याध्यापकांच्या पत्रानिशी आगार व्यवस्थापकांकडे लवकर अर्ज करावा, कारण डिसेंबर-जानेवारीत सर्वच शाळा गाड्या मागतात. ही गाडी तुमच्याबरोबर थांबते, त्यामुळे परतीची चिंता राहत नाही.

पावसाळ्यात मात्र दोन्ही हिशेब बाजूला ठेवावे लागतात. वरंध घाट आणि आंबेनळी घाट दरडींमुळे बंद होतात. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला. त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या आणि इतर वाहनेही. जुलै २०२१ मध्ये तळिये गावावर दरड कोसळली. अशा दिवसांत पोलादपूरहून आंबेनळीने प्रतापगडला जायचे असेल, तर आदल्या संध्याकाळी स्थानकावर विचारावे. महाबळेश्वरची एसटी घाटातून जात नसेल, तर भाड्याच्या मोटारवाल्याने कितीही भरवसा दिला तरी आपणही जाऊ नये. एसटीने घाट बंद केला की त्या दिवसाचे उत्तर तेच समजावे, आणि चवदार तळ्याकडे पायी निघावे.