वाफेच्या नळाचे पहिले वस्त्र

कोलकात्याजवळच्या न्यू टाउनमधील एखाद्या इस्पितळाचे धुलाईघर असो किंवा प्रवरानगरसारख्या ठिकाणचा साखर कारखाना असो, बॉयलरमधून निघालेली वाफ दूर पोचवायची असेल तर तिचा नळ उघडा ठेवून चालत नाही. त्याच्या अंगावर उष्णता अडवणारे आवरण चढवावे लागते. कारखान्यातील कामगार त्याला लॅगिंग म्हणतात. पुष्कळदा हे आवरण दोन निरनिराळ्या पदार्थांचे असते, आणि मग प्रश्न उभा राहतो : नळाला चिकटून कोणता पदार्थ बसवायचा आणि बाहेर कोणता?

भिंत सपाट असेल तर या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. दोन थरांची अदलाबदल केली तरी दोघांचा मिळून विरोध तेवढाच राहतो. नळाची गोष्ट वेगळी आहे, कारण नळ वाटोळा आहे. आतून निघालेली उष्णता नळालगत अरुंद घेरातून जाते आणि बाहेर येता येता तिला अधिकाधिक रुंद वाट मिळते. दाराशी गर्दी अडवणे सोपे असते, मैदानात पसरल्यावर ते कठीण जाते. म्हणून उष्णता अधिक चांगली अडवणारा पदार्थ नळालगत असला की त्याचे काम अधिक होते. शिवाय तेवढ्याच जाडीला आतल्या बाजूस माल कमी लागतो, आणि चांगला पदार्थ बहुधा महाग असतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून १०० मिलिमीटर बाह्य व्यासाचा नळ घेऊ. त्याचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअस आहे आणि आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग ४० अंश आहे. पहिला पदार्थ कॅल्शियम सिलिकेट. दुसरा पॉलियुरेथेनचा फेस. उष्णता अडवण्यात तो पहिल्याच्या सुमारे दुप्पट. प्रत्येकाचा थर ५० मिलिमीटर. फेस आत घातला तर दर मीटर लांबीमागे सुमारे ५५ वॅट उष्णता निसटते. सिलिकेट आत घातले तर सुमारे ६५ वॅट. जाडी तीच, पदार्थ तेच, केवळ क्रम बदलल्याने तोटा जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढला.

मग फेसच आत घालावा, असे कागद सांगतो. परंतु फेस साधारण १२० अंशांपलीकडे टिकत नाही. ३०० अंशांच्या नळाला भिडल्यावर तो करपतो, आकसतो आणि नळाभोवती पोकळी सोडतो. सिलिकेट मात्र सुमारे ६५० अंशांपर्यंत तग धरते. म्हणून अशा नळावर पहिला मान सिलिकेटचा. तिथे काटकसरीपेक्षा सहनशक्ती आधी पाहावी लागते, आणि तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते : दोन थरांच्या मधल्या सांध्याचे तापमान.

वरच्या उदाहरणात सिलिकेट आत असतानाही सांधा १८० अंशांवर असतो. फेस तिथेही जळेल. अशा वेळी अनेकांना वाटते, बाहेरचा फेस आणखी जाड करावा. पण त्याने उलटाच परिणाम होतो. फेस ५० ऐवजी १०० मिलिमीटर केला की सांधा सुमारे २१३ अंशांवर चढतो, कारण जाड गोधडीखाली उष्णता अधिक कोंडली जाते. खरा उपाय असा : आतले सिलिकेट १०० मिलिमीटर करावे आणि फेस ३० वर आणावा. आता सांधा सुमारे १०५ अंशांवर उतरतो आणि तोटा ६७ वॅटच्या आसपास राहतो. म्हणजे पहिल्या सुरक्षित न ठरलेल्या रचनेहून दोनच वॅट अधिक, आणि फेस मात्र वाचतो.

तरीही हा आकडा बाहेरच्या पृष्ठभागाच्या तापमानावर अवलंबून आहे. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली किंवा वारा कोंडलेल्या जागी तो पृष्ठभाग ४० अंशांहून पुष्कळ तापतो आणि सांधाही वर सरकतो. म्हणून हिशेब हिवाळ्याचा न धरता उन्हाळ्यातल्या भर दुपारचा धरावा.

क्रम चुकला हे बाहेरूनही कळते. पत्र्याच्या वेष्टणावर एकाच जागी तपकिरी डाग पडतो, जळका वास येतो, कुठे वेष्टण सैल पडून खाली लोंबते. आणि तिथे हात जवळ नेला तर शेजारच्या भागापेक्षा अधिक धग लागते. मग छोटी खिडकी कापून पाहावे. फेस तपकिरी होऊन बोटाने चुरगळला, तर नवा फेस तसाच भरून भागणार नाही. आधी सांध्याचे तापमान काढावे, आतला थर वाढवावा आणि मगच बाहेरचा चढवावा.

थोडक्यात, दोन्ही पदार्थ नळाची आच सहज सोसत असतील तर उत्तम रोधक आत. सोसत नसतील तर सोशीक पदार्थ आत, आणि इतका जाड की बाहेरच्याला त्याच्या मर्यादेबाहेरची आच लागू नये.